फोनवरचा प्रसंग, एकाच बाजूचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकांकिका आणि नाटक लिहिणाऱ्यांकडून फोनच्या प्रसंगाबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पात्र रंगमंचावर फोनवर बोलतंय, पलीकडचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येत नाही आणि तरी सगळं कळायला हवं, असा हा प्रसंग. उत्तरं समजायला सोपी जावीत म्हणून बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण घेतलं आहे. मंगल पन्नाशीची, सांगलीत नोकरी करते. आई वर्षभर तिच्याकडेच आहे. धाकट्या भावाचा, सतीशचा, फोन येतो. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, नावावरचं घर त्याला विकायचंय आणि त्यासाठी त्याला बहिणीकडून हक्कसोडपत्र हवंय.

सुरुवात कुठून करायची? जी बाजू ऐकू येणार तेवढीच लिहायची का?

नाही. आधी दोन्ही बाजू लिहा, पूर्ण. सतीश काय म्हणतो, कुठे अडखळतो, कुठे विषय बदलतो, सगळं. एकच बाजू लिहायला बसलं की लेखक नकळत पलीकडच्या माणसाला यंत्र बनवतो. तो फक्त माहिती पुरवतो आणि आपलं पात्र तिच्यावर प्रतिक्रिया देतं. पलीकडच्यालाही काहीतरी हवं असतं आणि ते तो सरळ मागत नसतो. त्याची वाक्यं कागदावर असली तरच ते आपल्याला दिसतं.

दोन्ही बाजू झाल्या की कागदाच्या कोपऱ्यात लिहा, की फोन संपेपर्यंत प्रेक्षकाला काय काय कळलं पाहिजे. चारपेक्षा जास्त गोष्टी नकोत. आपल्या प्रसंगात त्या अशा : फोन धाकट्या भावाचा आहे; त्याला घर विकण्यासाठी बहिणीची सही हवी आहे; त्यानं इसार घेऊनही टाकला आहे; आणि आईची सही तिला अंधारात ठेवून घेतली आहे. एवढंच. घराचा भाव, गिऱ्हाइकाचं नाव, सतीशचं कर्ज हे सगळं दोन्ही बाजूंच्या मसुद्यात असू दे, पण मंगलच्या तोंडी आलं नाही तरी चालतं.

मग सतीशची वाक्यं झाका आणि उरलेलं वाचा. चारपैकी जी गोष्ट कळत नाही तिच्यासाठीच मंगलची वाक्यं बदलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

पलीकडचं वाक्य परत न म्हणता ते कळवायचं कसं? आमच्या संहितेत सारखं ‘काय म्हणतोस? घर विकलंस?’ असं होतं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि परीक्षकांच्या शेऱ्यातही हाच दोष सगळ्यात आधी येतो. पात्र पोपटासारखं पलीकडचं बोलणं उच्चारतं. प्रेक्षकाला माहिती मिळते, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती आपल्यासाठीच सांगितली जातेय हे त्याच्या लक्षात येतं, आणि पलीकडे कुणी आहे यावरचा त्याचा विश्वास उडतो.

यावरचा उपाय असा, की पात्रानं ऐकलेलं परत म्हणायचं नाही, ऐकलेल्याला अडवायचं. मसुद्यात हे असं होतं :

सतीश : ताई, मंगळवारी एक दिवस येऊन जा.
मंगल : मंगळवारी यायचं?

आता ते असं झालं :

मंगल : मंगळवारी? मंगळवारी ऑडिट आहे आमच्याकडे. कशाला?

‘मंगळवारी’ हा एक शब्द तिनं उचलला, पण लगेच त्याला आडकाठी घातली. बोलावणं होतं हे आडकाठीवरून कळलं. पुढे सतीश म्हणतो, एक सही हवी आहे, दहा मिनिटांचं काम.

मंगल : नुसती सही असली तर कुरिअरनं पाठव की कागद.

सतीश सांगतो की तसं चालत नाही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात यावं लागेल.

मंगल : निबंधकाकडे? म्हणजे फोटो, अंगठा, सगळंच आलं. (थांबते.) सतीश, कसला कागद आहे?

इथे पाहा, ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द अजून आलेलाच नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला भावाचा फोन, बहिणीची सही आणि निबंधक कार्यालय एवढं एकत्र आलं की पुढचं सांगावं लागत नाही. प्रेक्षक जे स्वतः जोडतो ते त्याला आपलं वाटतं. म्हणून तो जोडू शकेल ते उच्चारू नका. परदेशातल्या मराठी मंडळाच्या प्रयोगात तरुण प्रेक्षक असतील तर मात्र ‘माझा हक्क सोडायचा?’ असं एक वाक्य टाकावं लागेल, तो निर्णय प्रेक्षक बघून घ्या.

आडकाठीखेरीज आणखी दोन मार्ग खात्रीचे आहेत. एक म्हणजे दुरुस्ती : ‘चार महिने नाही, वर्ष झालं तिला इथे येऊन.’ पलीकडचा चुकीचं बोलला आणि बरोबर काय आहे, दोन्ही एका वाक्यात येतं. दुसरा म्हणजे न विचारलेल्याचं उत्तर : ‘मी पैशाचं बोलतच नाहीये.’ यावरून सतीशनं पैशाचा विषय काढला हे कळतं आणि का काढला असेल त्याचा संशयही येतो.

म्हणजे पलीकडचं वाक्य परत म्हणणं कधीच चालत नाही?

माणसं खऱ्या आयुष्यात जिथे परत म्हणतात तिथे चालतं. नंबर किंवा पत्ता लिहून घेताना, रेंज नसताना, आणि ऐकलेलं पटतच नसताना. तिसरी जागा एका प्रसंगात एकदाच वापरा. आपल्या प्रसंगात ती इसारासाठी राखून ठेवली आहे. रेंजचं निमित्त मात्र फार स्वस्त झालंय. ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये, काय, बाबा गेले?’ हे आता गंभीर प्रसंगातही हशा घेतं.

पलीकडे कोण आहे हे नाव न घेता कसं कळेल?

मराठीत हे काम क्रियापद करतं. ‘पोचलास का?’ म्हटलं की पलीकडे जवळचा पुरुष आहे, ‘पोचलीस का?’ म्हटलं की जवळची बाई, आणि ‘पोचलात का?’ म्हटलं की मानाचं माणूस किंवा अनेक जण. पहिल्या दोन वाक्यांत असं एक क्रियापद टाकलं की ‘हॅलो, कोण, सतीश का?’ची गरज उरत नाही. शिवाय आता नाव स्क्रीनवरच दिसतं, त्यामुळे आजच्या काळातल्या प्रसंगात ‘कोण बोलतंय?’ विचारलं तर नंबर अनोळखी आहे असाच अर्थ होतो.

मंगलच्या प्रसंगात ‘बोल रे’ एवढ्यावर धाकटा भाऊ, मुलगा किंवा मित्र असं वर्तुळ तयार होतं. पुढे ‘अण्णा असताना तूच म्हणाला होतास’ आलं की भाऊ पक्का होतो. म्हणून ‘माझा भाऊ असून तू…’ असलं वाक्य कुठेच लागलं नाही.

उलट, पलीकडचं माणूस पुरुष की बाई हे लपवायचं असेल तर भविष्यकाळ आणि आज्ञार्थ वापरा : ‘येशील ना?’, ‘सांग’, ‘थांब जरा’. बहुतेक सकर्मक क्रियापदांचा भूतकाळही चालतो, कारण ‘जेवण केलंस का?’मध्ये क्रियापद जेवणामागे जातं. ‘जेवलास का?’ म्हणालात की गुपित फुटलं. रहस्याच्या एकांकिकेत अशा एका क्रियापदानं पुढचा सगळा खेळ उघडा पडतो, त्यामुळे शेवटच्या वाचनात फक्त क्रियापदं तपासा.

पलीकडचं बोलणं चालू असताना किती वेळ थांबायचं?

पलीकडचं वाक्य खरोखर बोलायला जितका वेळ लागेल त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. सतीशचं तीस शब्दांचं वाक्य शांतपणे बोलायला दहा-बारा सेकंद लागतात. रंगमंचावर तीन-चार सेकंद पुरतात. प्रेक्षक इथे घड्याळ लावत नाही, पण त्याहून कमी केलंत तर पात्र एकटंच बोलतंय हे लगेच जाणवतं. एका सेकंदाच्या विरामात पलीकडच्यानं घर, इसार आणि निबंधक सांगितलं असं कुणी मानणार नाही.

नेहमीची चूक म्हणजे सगळे विराम सारखे ठेवणं. दोन सेकंद, दोन सेकंद, दोन सेकंद असा ठेका बसला की संवाद मेला. साध्या प्रश्नोत्तरात माणसं जवळजवळ लगेचच बोलतात, मध्ये सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा जातो. म्हणून ‘जेवलास?’नंतर लगेच ‘बरं’ आलं पाहिजे. आणि ‘किती घेतलेस?’नंतर सेकंदभरही उत्तर आलं नाही तर पलीकडे काहीतरी लपतंय हे प्रेक्षकाला आपोआप कळतं, कारण रोजच्या बोलण्यात तेवढी शांतता खुपते. तिथे मंगल तोच प्रश्न परत विचारते : ‘सतीश. किती इसार घेतलास?’ पहिल्यांदा नुसतं ‘किती घेतलेस?’, दुसऱ्यांदा ‘इसार’. उत्तर न मिळाल्यामुळे तिला शब्द वापरावा लागला आणि प्रेक्षकाला माहिती मिळाली. पलीकडची शांतता अशी कामाला लावता येते.

पाच-सहा सेकंदांपेक्षा मोठा विराम असेल तर त्यात बघण्यासारखं काही हवं. मंगल मेथी निवडते आहे. ती ऐकता ऐकता निवडत राहते, हात मंदावतात, मग जुडी खाली ठेवते. प्रसंगाला असं एक हातातलं काम द्या, कारण ते कुठे थांबतं यावरून प्रेक्षक पलीकडची बातमी वाचतो. डोळे मोठे करणं, कपाळाला हात लावणं हे काम होत नाही.

‘हं’, ‘हो’, ‘बरं’ संहितेत लिहायचे की नटावर सोडायचे?

लिहायचे. ‘हं’ म्हणजे ऐकतेय. ‘हो’ म्हणजे मान्य किंवा माहीत आहे. ‘बरं’ म्हणजे विषय संपवूया. ‘अच्छा’ म्हणजे नवीन कळलं, आणि कोरडं म्हटलं तर विश्वास बसला नाही. नटानं ‘हं’च्या जागी ‘हो’ म्हटलं तर मंगलनं सहीला होकार दिला असा अर्थ होईल. लांब बोलणं ऐकताना तीन-चार सेकंदांनी एखादा हुंकार आला तर पलीकडचा बोलतोय हे जिवंत राहतं. आणि चालू असलेले हुंकार अचानक बंद झाले, की वाईट बातमी आली.

विराम कागदावर कसा दाखवायचा?

नुसतं ‘(विराम)’ लिहू नका, दिग्दर्शकाला त्यातून काहीच मिळत नाही. दोन प्रती ठेवा. तालमीच्या प्रतीत सतीशची वाक्यं कंसात, लहान अक्षरांत राहू द्या. स्पर्धेला किंवा छपाईला द्यायच्या प्रतीत ती काढून फक्त टिंबं ठेवा. त्या प्रतीतला शेवटचा भाग असा दिसतो :

मंगल : अण्णा असताना तूच म्हणाला होतास, आई आहे तोवर घराला हात लावायचा नाही.
(…)
मी पैशाचं बोलतच नाहीये. (…) मला नकोच आहेत. अरे पण ती राहणार कुठे?
(…)
माझ्याकडे आहेच ती. माझ्यानंतरचं विचारतेय.
(…) किती घेतलेस?
(…)
सतीश. किती इसार घेतलास?
(ऐकते. जुडी खाली ठेवते.)
आईच्या सहीशिवाय? (…) कधी?
(बराच वेळ काही नाही.)
दिवाळीत तू तिला न्यायला आला होतास. डोळे तपासायला.
(…)
ठेवते. (…) नाही, रागावले नाहीये. कुकर लावायचाय.

वडील गेल्यावर घरात आईचाही वाटा असतो, म्हणून तिची सही लागतेच. सतीशनं काय केलं हे कुणीच उच्चारत नाही. मंगल फक्त दिवाळीतली एक साधी गोष्ट आठवून बोलते आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या नावाखाली आईला कुठे नेलं होतं ते प्रेक्षक समजतो. या वाक्याला ‘म्हणजे तू तिला फसवून सही घेतलीस!’ असं शेपूट जोडायचा मोह होतो. तो आवरा.

या एवढ्या तुकड्याला कागदावर अर्धं पान लागतं, पण रंगमंचावर दीड मिनिटाच्या आसपास जातं. वेळेची मर्यादा असलेल्या स्पर्धेत पानं मोजून अंदाज बांधलात तर फसाल. हातात घड्याळ घेऊन मोठ्यानं वाचा.

खोलीत आणखी कुणी असेल तर?

तर प्रसंग दुप्पट श्रीमंत होतो. आई आतल्या खोलीत आहे. त्यामुळे मंगल सुरुवातीला विचारते, ‘आत पडलीये ती. देऊ फोन?’ उत्तर ऐकून ‘बरं’ म्हणते आणि उठून दार लोटून घेते. सतीशला आईशी बोलायचं नाही हे त्या दार लोटण्यानं सांगितलं. पुढे तिचा आवाज चढतो आणि दाराकडे बघून खाली येतो. आईला ऐकू जाऊ नये म्हणून ती अर्धवट बोलते, त्यामुळे अपुरी वाक्यं लेखकाची सोय वाटत नाहीत.

फोन संपल्यावर ‘कोण होतं?’ विचारणारं पात्र बऱ्याच संहितांत असतं आणि उत्तरादाखल सगळा फोन परत सांगितला जातो. ते काढून टाका. प्रश्न ठेवायचाच असेल तर उत्तर खोटं असू द्या. आई आतून विचारते, ‘कोण गं?’ मंगल म्हणते, ‘सतीश. तुझी चौकशी करत होता.’ त्यानं ती एकदाही केलेली नाही हे प्रेक्षकाला माहीत आहे.

तालीम कशी घ्यायची?

सुरुवातीच्या तालमींत दुसऱ्या नटाला विंगेत बसवून सतीशची वाक्यं खरोखर बोलायला लावा, नटीकडे पाठ करून. तिचे विराम मग ऐकण्यातून येतात. नाटक उभं राहिलं की त्याचा आवाज हळूहळू कमी करा आणि शेवटी बंद करा. बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन तालमींत विराम आकसतात, हे ठरलेलं आहे. तेव्हा नटीला सतीशची वाक्यं मनातल्या मनात म्हणायला सांगा, तिची ती पाठ झालेली असतातच. विंगेतला नट रोज तोच असू द्या. माणूस बदलला की सतीशचा स्वभाव बदलतो आणि मंगलची उत्तरंही हलतात.

फोन कोणत्या हातात, आणि रिंगचं काय?

प्रेक्षकांपासून लांबच्या कानाला. जवळच्या कानाला धरला तर कोपर आणि मनगट अर्धा चेहरा झाकतात, आणि या प्रसंगात चेहरा हाच अर्धा संवाद आहे. त्यामुळे मंगलची बसण्याची दिशा आधी ठरवा, मग हात.

रिंग ध्वनी सांभाळणाऱ्यानं वाजवायची आणि नटीच्या अंगठ्याच्या हालचालीवर तोडायची, ‘बोल रे’ या शब्दावर नाही. शब्दावर तोडली तर रिंग आणि संवाद एकमेकांवर चढतात. हातातला मोबाइल विमान मोडवर हवा. नाहीतर ऐन प्रसंगात खरा फोन येतो, आणि तसं झालं की प्रेक्षक उरलेली एकांकिका विसरतो.

जुन्या काळातला फोन असेल तर काय बदलतं?

फोनचं तंत्रच संवाद ठरवतं. ट्रंक कॉल एक्स्चेंजकडे नोंदवून वाट बघावी लागे, तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येई आणि लाइन लांबची म्हणून माणसं ओरडून बोलत. ओरडून बोलताना माहिती परत म्हणणं नैसर्गिक असतं, म्हणून पोपटपंचीचा दोष तिथे जवळजवळ माफ आहे. एसटीडी बूथमध्ये डोळ्यांसमोर मीटरवर लाल आकडे पळत असतात आणि बाहेर रांग असते. तिथलं पात्र हुंकार भरत बसत नाही, मुद्द्यावर येतं. लँडलाइनची वायर पात्राला एका जागी बांधून ठेवते. दार लोटायला मंगलला रिसीव्हर ठेवून जावं लागलं असतं, आणि तेवढ्या वेळात पलीकडे सतीश एकटा राहिला असता.

श्रुतिकेत हे जमतं का?

जमतं, पण मेथीची जुडी दिसत नाही. हातातल्या कामाला आवाज हवा : लाटणं, कपबशी, शिवणयंत्र. यंत्र थांबलं की बातमी कळली. निव्वळ शांतता तीन सेकंदांच्या पुढे नेऊ नका, ऐकणाऱ्याला प्रक्षेपण तुटल्यासारखं वाटतं.

अख्खं नाटक एकाच बाजूच्या फोनवर चालेल का?

चाललेलं आहे. ज्याँ कॉक्तोचं ‘ला व्वा ह्युमेन’ 1930 साली पॅरिसच्या कॉमेदी-फ्रान्सेझमध्ये झालं. त्यात एक बाई सोडून गेलेल्या प्रियकराशी शेवटचं बोलते आहे. त्यातली एक रचना शिकण्यासारखी आहे. मध्येच लाइन तुटते, ती त्याच्या घरी परत फोन लावते, नोकर उचलतो आणि मालक घरी नाहीत म्हणून सांगतो. म्हणजे आतापर्यंत घरून बोलतोय असं भासवणारा प्रियकर दुसरीकडून बोलत होता. दुसऱ्या फोननं पहिल्याचं खोटं उघडं पाडलं, आणि तेही एकाच बाजूनं.

लांब प्रसंगाला अशी तुटण्याची जागा लागतेच. सात-आठ मिनिटांपलीकडे एकच फोन सलग ठेवणार असाल तर मध्ये तो तोडा, दुसरा लावा किंवा फोन बाजूला ठेवून पात्राला उठवा.

लिहून झाल्यावर ते कळतंय की नाही हे कसं तपासायचं?

ज्याला कथानक माहीत नाही अशा माणसाला टिंबांची प्रत एकदाच, न थांबता वाचून दाखवा. मग चारच प्रश्न विचारा : फोन कुणाचा होता, त्याला काय हवं होतं, तिला नवीन काय कळलं, आता ती काय करेल? पहिल्या तिघांची उत्तरं आली पाहिजेत. चौथ्याला दोन माणसांनी वेगवेगळी उत्तरं दिली तरी बिघडत नाही. तिसऱ्याला ‘भावानं घर विकायला काढलं’ एवढंच उत्तर आलं तर दिवाळीचं वाक्य निसटलंय असं समजा. ते वाक्य समजावून सांगू नका, त्याच्या आधीचा विराम वाढवा. बहुतेक वेळा शब्द पुरेसे असतात, ऐकणाऱ्याला जोडायला दिलेला वेळ अपुरा असतो. तरीही निसटत असेल तर सुरुवातीला, फोन येण्याआधी, आईच्या तोंडी एक वाक्य घाला : ‘दिवाळीत डॉक्टरकडे जाऊन आले, पण चष्म्याचा नंबर काही मिळाला नाही बघ.’